गेम मधातच बंद पडतो? आधी एक्सएमपी बंद करून पाहा, मग रॅम अशी तपासा

मे महिन्यात चुलतभावाचा पोरगा त्याचा सीपीयू बाईकवर मधात धरून माह्याकडे घेऊन आला. मी तालुक्याच्या गावी ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर चालवतो अन् सोबत कॉम्प्युटर दुरुस्ती करतो, त्यामुळं घरातला कोणाचाही मशीन बिघडला की तो माह्याच टेबलावर येते. म्हणे, "काका, गेम वीस मिनिटं चालते अन् धपकन डेस्कटॉपवर येते. कधी एरर देते, कधी काहीच नाई. विंडोज तीनदा मारलं, ड्रायव्हर बदलले, काऊन होऊन रायलं असं?"

मी पहिलं इचारलं, रॅम कधी वाढवली. तं म्हणे फेब्रुवारीत, कापसाचे पैसे आले तेव्हा. मग दुसरं इचारलं, बायोसमधली रॅमचा स्पीड वाढवणारी सेटिंग, म्हणजे एक्सएमपी, चालू आहे का. चालू होता. माह्या डोक्यात अर्धा निकाल तिथंच लागला होता, पण अंदाज अन् पुरावा यात फरक असते, म्हणून तो पुरावा कसा गोळा केला ते इथं सगळं सांगतो. मशीन साधाच होता, रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड अन् ८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक, दोन्हीवर ३२०० सीएल१६ छापलेलं. पण दोन्ही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कंपनीच्या घेतलेल्या.

एक्सएमपी म्हणजे ओव्हरक्लॉकच

लोकांले वाटते की डब्यावर ३२०० लिहिलंय म्हणजे रॅम आपोआप ३२०० वर चालते. तसं नसते. स्टिक लावली की बोर्ड तिला आधी साध्या, सगळीकडे चालेल अशा स्पीडवर उठवते, या मशीनमध्ये ते २१३३ होतं, व्होल्टेज १.२. डब्यावरचा ३२०० हा आकडा स्टिकच्या आतल्या एका छोट्या चिपमध्ये प्रोफाइल म्हणून लिहिलेला असते, बायोसमध्ये जाऊन तो चालू केला की स्पीड वाढते, टायमिंग, म्हणजे रॅमले एकेका कामाले घड्याळाचे किती ठोके द्यायचे ते, बदलते अन् व्होल्टेज १.३५ होते. काही बोर्डांत याच गोष्टीचं नाव `A-XMP` दिसते, काहींत `DOCP`, अन् डीडीआर५ च्या एएमडी मशीनमध्ये `EXPO`. नाव काहीही असो, काम तेच, रॅमले तिच्या साध्या स्पीडच्या वर पळवणं, म्हणजेच ओव्हरक्लॉक.

आता ते प्रोफाइल कंपनीनं तिच्या स्टिका तिच्याकडच्या बोर्डांवर तपासून लिहिलेलं असते. तुमच्या प्रोसेसरच्या आत जो मेमरी कंट्रोलर बसलाय त्याची, तुमच्या बोर्डाची अन् तुमच्या शेजारच्या दुसऱ्या स्टिकची गॅरंटी त्यात नाही. बरं, चुकली तरी रॅम ओरडून सांगत नाही. करोडो आकड्यांत एखादा बिट उलटा होते. तो बिट चित्राच्या डेटामध्ये असला तं एका दगडाचा रंग जरासा चुकते अन् कोणाच्याच लक्षात येत नाही. पण तोच बिट गेमनं पत्ता म्हणून ठेवलेल्या आकड्यात असला तं गेम भलत्याच जागी वाचायला जाते अन् विंडोज त्याले `0xc0000005` देऊन बंद करते. म्हणूनच क्रॅश कधी पाच मिनिटांनी, कधी तीन तासांनी, त्याले काही नियम नसते.

रॅमवर शक कधी घ्यायचा

विन अन् आर दाबा अन् हे टाका:

```
perfmon /rel
```

दिवसांनुसार लाल फुल्यांचा तक्ता उघडते. पुतण्याच्या तक्त्यात तीन वेगळे गेम, ब्राउझर अन् एकदा विंडोजचा स्वतःचाच एक प्रोग्राम पडलेला दिसला. निळी स्क्रीन दोनदा आलेली, एकदा `MEMORY_MANAGEMENT`, दुसऱ्यांदा `IRQL_NOT_LESS_OR_EQUAL`. ही जी विविधता आहे ना, हाच रॅमचा वास. एकच गेम एकाच ठिकाणी पडत असेल तं दोष बहुतेक त्या गेमचा असते. अजून एक खूण म्हणजे मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर येणं, किंवा स्टीमवर गेमच्या फाइली तपासल्या की दर वेळी काही तरी खराब निघणं.

स्क्रीन काळी झाली अन् पंखे जोरात फिरायला लागले तं आधी ग्राफिक्स कार्ड अन् पॉवर सप्लाय पाहा. मशीन निळी स्क्रीन न देता खटकन बंद होऊन परत चालू झाला तरी तेच. आपल्याकडं तं यात अजून एक भानगड असते, रात्री शेतीची थ्री फेज लाईन आली की आजूबाजूच्या सगळ्या मोटारा एकदम सुरू होतात अन् घरातला बल्ब मंद होते, त्याच वेळेले मशीन रीस्टार्ट होत असेल तं रॅमले दोष देऊ नका, स्टॅबिलायझर किंवा बरा यूपीएस पाहा. इंटेलच्या १३व्या अन् १४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरवाल्यांनी सुद्धा आधी बायोस अपडेट करून घ्या, कारण तिथं प्रोसेसरमधल्याच व्होल्टेजच्या घोळानं असेच क्रॅश येत होते अन् त्यासाठी २०२४ मध्ये मायक्रोकोडचे अपडेट आले. एक काळजी मात्र घ्या, त्या अपडेटनं पुढचं नुकसान थांबते, आधीच बिघडलेला प्रोसेसर दुरुस्त होत नाही.

ग्राफिक्स कार्डावर काही ओव्हरक्लॉक किंवा अंडरव्होल्ट केलं असेल तं ते पहिले काढून टाका. दोन गोष्टी एकाच वेळी हलवल्या तं काहीच समजत नाही.

पहिली पायरी, फुकटची

बायोसमध्ये जा, एक्सएमपी बंद करा, सेव्ह करा अन् नेहमीसारखा गेम खेळा. एक दिवस नाही, तीन-चार दिवस, कारण ज्या मशीनचा क्रॅश दोन दिवसांतून एकदा येते त्याची एका संध्याकाळीत परीक्षा होत नाही. सेटिंग लागली का ते सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्रामच्या मेमरी टॅबमध्ये पाहा. तिथं ३२०० च्या जागी १६०० दिसते, घाबरू नका, डीडीआर म्हणजे एका ठोक्यात दोनदा डेटा, म्हणून त्या आकड्याची दुप्पट धरायची. बंद केल्यावर तिथं १०६६ च्या आसपास दिसायले पायजे.

क्रॅश थांबले तं प्रोफाइलमध्ये गडबड आहे. थांबले नाहीत तं एखादी स्टिकच खराब असू शकते किंवा रोग दुसरीकडे आहे.

आता पुतण्याच्या मशीनची गंमत ऐका. तो म्हणे, "काका, एप्रिलमधे मधात पाच दिवस एकदम मस्त चालला. मले वाटलं नव्या ड्रायव्हरनं बरा झाला." मी खोदून इचारलं तं कळलं की त्याच्या आदल्या दिवशी वादळानं गावची लाईन रात्रभर गेली होती, अन् सकाळी मशीन चालू करताना स्क्रीनवर काही तरी एफ१ दाबा असं आलं होतं अन् तारीखही चुकली होती. म्हणजे बोर्डावरचा `CR2032` सेल मेला होता. लाईन गेली की बायोस सगळं इसरत होता अन् एक्सएमपी आपोआप बंद. म्हणून पाच दिवस मशीन २१३३ वर निवांत चालला. मग पोरानं एफपीएस कमी दिसले म्हणून स्वतःच एक्सएमपी परत चालू केला अन् क्रॅश परत आले. बिचारा ड्रायव्हर फुकटच कौतुक खाऊन गेला. तुमचाही रोग असा येत-जात असेल तं आधी तो सेल बदला, नाहीतर कोणत्याच टेस्टचा भरवसा नाही.

टेस्ट, रात्रीची

पहिली टेस्ट विंडोजच्या बाहेरून करायची, कारण हलणाऱ्या रॅमवर विंडोज जितका वेळ चालते तितक्या फाइली खराब करायचा धोका. कॉलेजची कामं, फोटो, गेमची सेव्ह आधी दुसरीकडे कॉपी करून घ्या. मग `MemTest86` ची फ्री आवृत्ती डाउनलोड करा, सोबतच्या प्रोग्रामनं रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवा (पेनड्राइव्हवरचं सगळं पुसते हं) अन् एक्सएमपी चालू ठेवून त्या पेनड्राइव्हवरून मशीन बूट करा. एक्सएमपी चालू ठेवणं महत्त्वाचं, कारण आपल्याले परीक्षा त्याचीच घ्यायची आहे. काही लोक बंद करून टेस्ट लावतात अन् म्हणतात रॅम ओके आहे, ते म्हणजे बैल गोठ्यात बांधून तो बंडी ओढते का पाहण्यासारखं झालं.

फ्री आवृत्तीत चार पास, म्हणजे रॅम तपासायच्या चार फेऱ्या, होतात, चारही होऊ द्या. पहिला पास मुद्दाम छोटा ठेवलेला असते, त्याच्यावर निकाल देऊ नका. १६ जीबीले काही तास लागतात, म्हणून जेवण झालं की लावा अन् झोपा. इन्व्हर्टरच्या भरवशावर मात्र राहू नका, लाईन जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या त्या क्षणात बरेच मशीन रीस्टार्ट होतात अन् सकाळी कोरी स्क्रीन पाहायला मिळते. यूपीएस नसेल तं ज्या रात्री लाईनीचा भरवसा आहे त्या रात्री करा.

निकाल वाचायचा नियम एकच, शून्य म्हणजे पास. एक एरर सुद्धा नापास. "एकच तं आहे" असं म्हणून चालत नाही, तो एकच बिट उद्या गेमच्या नाही तं फोटोच्या फाइलमध्ये बसू शकते.

पुतण्याच्या मशीनले दुसऱ्या पासात ३ एरर आले.

इथं लोक फसतात

आता कोणीही म्हणेल की एक-एक स्टिक लावून पाहा, खराब कोणती ते समजते. मी पण तेच केलं. मशीन बंद, वायर काढली, एकच स्टिक ठेवली, प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये, एका स्टिकसाठी बहुतेक बोर्ड हाच स्लॉट सांगतात. काढली आहेच तं सोनेरी दातांवरची धूळ आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून घेतली, आमच्याकडं जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू कुठंकुठं घुसतात ते सांगायची सोय नाही.

जुनी स्टिक रात्रभर, शून्य एरर. नवी स्टिक दुसऱ्या रात्री, शून्य एरर. पोरगा म्हणे, "म्हणजे रॅम चांगली हाय ना काका?" स्टिका दोन्ही चांगल्याच होत्या, पण जोडी वाईट होती.

सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबमध्ये एक-एक स्लॉट निवडून एक्सएमपीचा कॉलम पाहिला तं जुनीचं प्रोफाइल १६-१८-१८-३८ अन् नवीचं १६-२०-२०-४०. डब्यावर दोन्हीकडे सीएल१६, कारण डब्यावर पहिलाच आकडा मोठ्या अक्षरात असते. एकटी लावली तेव्हा प्रत्येक स्टिकले तिचं स्वतःचं प्रोफाइल मिळालं अन् ती पास झाली. दोन्ही सोबत लावल्या तेव्हा बोर्डानं जुनीचं प्रोफाइल उचलून दोघींवर लादलं.

फरक किती, तो हिशोबानंच समजते. ३२०० वर घड्याळाचा एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा. दुसरा आकडा २० म्हणजे नवी स्टिक त्या कामाले २० गुणिले ०.६२५, म्हणजे १२.५ नॅनोसेकंद मागते. आपण तिला १८ ठोके देत होतो, म्हणजे ११.२५. हिवाळ्यात ती कशीबशी भागवून नेत होती, म्हणून फेब्रुवारीत काही झालं नाही. ऊन चढलं तशी तिची ताकद पुरली नाही.

दुरुस्ती

आधी बोर्डाच्या साइटवरून नवा बायोस टाकला, जुन्या रायझन बोर्डांत नंतरच्या बायोसमुळं रॅमचं बरंच सुधारलं आहे. बायोस टाकताना लाईन गेली तं बोर्डच मरू शकते, म्हणून हे काम फक्त यूपीएसवर.

मग एक्सएमपी चालू केला, कारण त्यानं स्पीड अन् व्होल्टेज बसतात, अन् टायमिंगचे पहिले चार आकडे हातानं ढिल्या स्टिकचे लिहिले, १६-२०-२०-४०. बाकीची सगळी आकड्यांची फौज ऑटोवर. `DRAM Voltage` १.३५. रात्रभर चार पास, शून्य एरर. पोरगा मशीन उचलायलेच निघाला होता, मी म्हटलं थांब, आता दुपार बाकी आहे.

रात्री माह्या खोलीत तिशीतलं तापमान असते अन् टेस्टमध्ये ग्राफिक्स कार्ड झोपलेलं असते. गेम तं पोरगा दुपारी खेळते, बाहेर ४५ डिग्री, अन् कार्डाची गरम हवा त्याच डब्यात फिरून स्टिकांवर येते. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक बारीक विजेची घागर, ती सतत पाझरते अन् ठरावीक वेळानं परत भरावी लागते. जितकं गरम तितकी ती लवकर पाझरते. म्हणून विदर्भात रात्रीची टेस्ट म्हणजे अर्धीच टेस्ट.

दुपारसाठी विंडोजमध्ये `TestMem5` लावायचं, त्यात anta777 ची `extreme` कॉन्फिग फाइल निवडायची, राइट क्लिक करून अॅडमिन म्हणून चालू करायचं अन् बाकी सगळं बंद ठेवायचं. १६ जीबीले साधारण दीड-दोन तास, मशीनप्रमाणं कमी-जास्त. खाली एररची संख्या दिसते. `HWiNFO` मध्ये रॅमचं तापमान दिसत असेल तं ते पण पाहत राहा, सगळ्या स्टिकांत सेन्सर नसते, या दोन्हींत नव्हता.

दुपारी अडीचले लावलं, खोलीत ४१ डिग्री. पन्नासाव्या मिनिटाले एक एरर.

इथं दोन रस्ते होते. व्होल्टेज वाढवायचं किंवा स्पीड एक पायरी खाली घ्यायचा. व्होल्टेज १.३७-१.३८ पर्यंत करायले हरकत नसते, मी डीडीआर४ च्या अशा साध्या स्टिकांले १.४ च्या वर नेत नाही, पण व्होल्टेज वाढवलं की गरमी वाढते अन् आपला रोग गरमीचाच आहे. म्हणून मी ३२०० चे ३००० केले, टायमिंग तेच ठेवले. आता एक ठोका ०.६६७ नॅनोसेकंदाचा, २० ठोक्यांले १३.३, म्हणजे नव्या स्टिकले तिच्या मागणीपेक्षा थोडं जास्तच मिळालं. व्होल्टेज फक्त १.३६.

दुसऱ्या दिवशी पुन्हा अडीचले तीच टेस्ट, शून्य. मग टेस्ट संपताच गरम मशीनवर दोन तास गेम, अन् तिसऱ्या दिवशी टेस्ट परत एकदा. शून्य. पोराचा चेहरा जरा पडला, "काका, ३२०० चे पैसे दिले ना मी." त्याले त्याचाच गेम लावून दाखवला, २१३३ वरून ३००० वर आल्यावर फरक दिसत होता, ३००० अन् ३२०० मधला त्याले डोळ्यानं सांगता आला नाही.

सेटिंग चुकली अन् मशीन उठलाच नाही तं लगेच वायर ओढू नका. बोर्ड स्वतःच दोन-तीनदा चालू-बंद होऊन पाहते अन् बऱ्याचदा साध्या स्पीडवर परत येते, दोन-तीन मिनिटं द्या. नाहीच आला तं वायर काढून बायोसच्या सेटिंगा पुसणारा सीएमओएसचा जम्पर जोडा, किंवा सेल काढून थोडा वेळ थांबा.

डीडीआर५ वाल्यांसाठी दोन गोष्टी. त्या चिपच्या आत जी एरर सुधारायची सोय आहे ती चिपच्या आतल्याच चुका सुधारते, चिप अन् प्रोसेसरच्या मधल्या रस्त्यात झालेली चूक तिला दिसत नाही, अन् एक्सएमपीच्या बऱ्याच चुका तिथंच होतात. दुसरं, चार स्टिका भरायचा मोह टाळा, रायझन ७००० मध्ये एएमडी स्वतः दोन स्टिकांले ५२०० अन् चार स्टिकांले ३६०० एवढंच सांगते.

शेवटी विंडोज साफ करायचं

हे काम रॅम पास झाल्यावरच, आधी नाही. हलत्या रॅमवर दुरुस्ती केली तं दुरुस्तीच चुकीची लिहिली जाऊ शकते, पुतण्यानं तीनदा विंडोज मारलं अन् तरी काही ना काही बिघडलेलंच राहिलं ते त्यामुळंच असावं. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडा, इंटरनेट चालू ठेवा:

```
DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth
sfc /scannow
```

त्यानंतर स्टीममध्ये प्रत्येक गेमवर `Verify integrity of game files`. पुतण्याच्या एका गेमच्या १४ फाइली परत डाउनलोड झाल्या. लगेच परत तपासलं तं एकही खराब निघाली नाही. आधी दर वेळी नव्या खराब फाइली निघत होत्या, म्हणून हे दुसऱ्यांदा तपासणं सोडू नका.

जाताना त्याले दोन गोष्टी बजावल्या. कूलर सरळ कॅबिनेटच्या तोंडावर लावायचा नाही, ओली हवा अन् धूळ दोन्ही आत जातात. अन् पुढं कधी बायोस अपडेट केला किंवा सेल गेला तं सगळ्या सेटिंगा उडतात, तेव्हा आंधळेपणानं एक्सएमपी चालू करायचा नाही. म्हणून एका कागदावर ३०००, १६-२०-२०-४०, १.३६ एवढं लिहून, खाली तारीख टाकून, तो कॅबिनेटच्या झाकणाच्या आतून सेलोटेपनं चिकटवून दिला.